पाचशे शब्दांत एक रात्रपाळी

‘लहानपणापासूनच मला रुग्णसेवेची आवड होती.’ ब्रिटनमधल्या विद्यापीठाकडे क्रिटिकल केअर नर्सिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करणाऱ्या आपल्याकडच्या मुलींचे मसुदे वाचले, की हे वाक्य हमखास पहिल्या ओळीत भेटतं. ते खोटं नसतं. पण बालरोगाच्या अर्जातही ते तसंच चालतं, सुईणीच्या अर्जातही चालतं, आणि दंतवैद्याच्या अर्जातही फारसं खटकणार नाही. अर्ज वाचणाऱ्याला त्यातून अर्जदाराबद्दल काहीच कळत नाही. त्याची नजर पुढच्या परिच्छेदावर जाते, आणि तिथे बहुधा फ्लॉरेन्स नाइटिंगेल उभ्या असतात.

दोष मुलींचा नाही. महाराष्ट्रात एमएस्सी नर्सिंगला जायचं तर सीईटी द्यायची, गुण घ्यायचे, कागदपत्रं जोडायची. भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम असो किंवा एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका, ‘तुम्ही कोण आहात आणि हाच अभ्यास का करायचा आहे ते लिहून द्या’ असं आपल्याकडे सहसा कुणी विचारत नाही. जीएनएमपासून बीएस्सीपर्यंत पानंच्या पानं केअर प्लॅन लिहिलेल्या असतात, पण स्वतःबद्दल एक पानही लिहिलेलं नसतं. मग ती मुलगी इंग्लंडला जाते, नोंदणीच्या परीक्षा पार करते, तिथल्या आयसीयूत वर्ष-दोन वर्षं काढते आणि एक दिवस युनिटची मॅनेजर म्हणते, आता तू कोर्सला अर्ज कर. अर्जात एक रिकामी चौकट असते. शब्दमर्यादा विद्यापीठागणिक बदलते. पाचशेच्या आसपासची मर्यादा नेहमी दिसते. त्या चौकटीत जे लिहायचं त्याला म्हणतात पर्सनल स्टेटमेंट.

मॅनेजर असं का म्हणते, हे आधी समजून घ्यायला हवं, कारण चौकटीत काय लिहायचं ते त्यावरच ठरतं. तिथल्या अतिदक्षता सेवांच्या मार्गदर्शक निकषांनुसार युनिटमधल्या नोंदणीकृत नर्सपैकी किमान निम्म्यांकडे क्रिटिकल केअरची नोंदणीनंतर मिळवलेली पात्रता असायला हवी. व्हेंटिलेटरसारख्या आधारावरच्या सर्वांत गंभीर रुग्णामागे एक नर्स, हेही त्याच निकषांत आहे. युनिटमध्ये नवी आलेली नर्स क्षमतांच्या राष्ट्रीय चौकटीतली पहिली पायरी कामावरच पूर्ण करते. दुसरी-तिसरी पायरी विद्यापीठाच्या अभ्यासाबरोबर चालते: दिवसा वर्गात श्वसनशास्त्र, रात्री बेडशेजारी तेच, आणि सही करायला एक मूल्यमापक. म्हणजे हा अभ्यासक्रम पुस्तकी नाही आणि निव्वळ कामावरचाही नाही. बऱ्याचदा ती ६० क्रेडिटांची पदव्युत्तर पातळीवरची प्रमाणपत्र पदवी असते. पुढे वाढवली तर १२० क्रेडिटांची पदविका आणि १८० क्रेडिटांची एमएस्सी.

अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापिकेला म्हणून दोनच गोष्टी पाहायच्या असतात. ही नर्स बेडशेजारी जे घडतं त्यामागचं कारण शोधते का? आणि त्या कारणाचा शोध तिला जिथे अडला, ती जागा आमच्या अभ्यासक्रमात येते का? सेवाभाव, कष्टाळूपणा, संघभावना यांचं प्रशस्तिपत्र मॅनेजर देतेच. ते स्वतः लिहिण्यात शब्द घालवायचे नसतात.

एक उदाहरण घेऊ. यातली नर्स कल्पित आहे, पण प्रसंग असा की आयसीयूत काम केलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. सांगली-कोल्हापूरकडची मुलगी, बीएस्सी नर्सिंग, जिल्ह्याच्या गावातल्या आयसीयूत तीन वर्षं, आता इंग्लंडमधल्या एका युनिटमध्ये. तिच्या पहिल्या मसुद्यातला मधला परिच्छेद असा होता:

‘मी व्हेंटिलेटरवरील रुग्णांची काळजी घेतली आहे. सक्शन, एबीजी, सेंट्रल लाइन, इनोट्रोप्स, डायलिसिस यांचा मला उत्तम अनुभव आहे. एकदा एका रुग्णाची प्रकृती अचानक बिघडली तेव्हा आम्ही सर्वांनी तत्परतेने काम करून त्याचे प्राण वाचवले. या अनुभवाने मला खूप काही शिकवले.’

यात तीन ठिकाणी अर्ज निसटतो. यंत्रांची आणि कामांची यादी युनिटमधल्या प्रत्येकीची सारखीच असते. ‘अचानक बिघडली’ हे तर बहुतेक वेळा खरंही नसतं, कारण आयसीयूतली प्रकृती अचानक कमी आणि तासातासाने जास्त बिघडते. अचानक लक्षात येते, एवढंच. आणि ‘आम्ही सर्वांनी’. हा आपला संस्कार. स्वतःचं नाव पुढे करू नये, श्रेय वरिष्ठांना द्यावं, ‘मी’ म्हटलं की शिष्टपणा होतो. घरात आणि वॉर्डात ते शोभतंही. पण वाचणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं की त्या गर्दीत तुम्ही नेमकं काय पाहिलंत आणि काय केलंत.

तिला विचारलं, की अचानक म्हणजे काय झालं? मग हळूहळू रात्र उलगडली.

न्यूमोनियाचा रुग्ण, काही दिवसांपासून व्हेंटिलेटरवर. मशीन दर श्वासाला ठरलेली हवा आत ढकलत होतं, म्हणजे हवेचं प्रमाण पक्कं आणि त्यासाठी लागणारा दाब कमी-जास्त होणारा. ड्युटी सुरू झाली तेव्हा श्वासाचा सर्वोच्च दाब २४ होता (हे मोजमाप पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये असतं). मध्यरात्री ३१, तीनच्या सुमारास ३८. अलार्मची मर्यादा ४० वर होती, त्यामुळे अलार्म वाजलाच नाही. ऑक्सिजनची टक्केवारी ९४ वरून ९० वर आली होती, पण ती तर दिवसभर खालीवर होतच होती. तिला शंका आली ती चार्टवरचे तीन आकडे एकाखाली एक दिसले म्हणून.

तिने आधी साध्या गोष्टी पाहिल्या. रुग्ण ट्यूब चावतोय का? नाही. नळी कुठे मुडपली आहे का, तिच्यात पाणी साठलंय का? नाही. छातीच्या दोन्ही बाजूंना हवा सारखी जातेय का? स्टेथोस्कोप लावून पाहिलं, सारखी होती. मग सक्शनची नळी आत घातली. रोज जाते तेवढी ती गेली नाही. मध्येच अडली, जोर न लावता वळवून पाहिलं तरी अडली, आणि बाहेर आली ती घट्ट, वाळलेल्या स्रावाचा तुकडा घेऊन. तिने ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन केला : ‘‘सर, दाब संध्याकाळपासून वाढत वाढत अडतीसवर आलाय आणि सक्शन कॅथेटर ट्यूबमध्ये अडतोय. एअर एंट्री दोन्हीकडे आहे. ट्यूब ब्लॉक होतेय असं वाटतंय.’’

डॉक्टर आले आणि त्यांनी एक गोष्ट केली, जी तिला तेव्हा कळली नाही. मशीनचं एक बटण दाबून श्वास आत घेतल्यावर क्षणभर रोखून धरला आणि पडद्यावरचा आकडा पाहिला : १९. लगेच म्हणाले, ‘‘ट्यूब बदलायची तयारी करा.’’ एक्स-रे मागवला नाही. ट्यूब बदलली, दाब २३ वर आला. काढलेल्या ट्यूबच्या आत वाळलेल्या स्रावाचा थर होता, मधून जेमतेम पेन्सिलीच्या शिशाएवढी वाट उरलेली.

त्या १९ मध्ये काय होतं? हवा आत वाहत असताना जो दाब दिसतो त्यात दोन वाटे असतात. एक वाटा नळीतून हवा ढकलण्याचा, दुसरा फुप्फुस फुगवण्याचा. श्वास आत रोखून धरला की वाहणं थांबतं, नळीचा वाटा गळून पडतो आणि उरतो तो फक्त फुप्फुसाचा. त्याला प्लॅटो प्रेशर म्हणतात. सर्वोच्च दाब ३८ आणि प्लॅटो १९ असेल तर फुप्फुस जसं होतं तसंच आहे, अडथळा वाटेत आहे : ट्यूबमध्ये, किंवा श्वासनलिका आवळल्यात. पण ३८ ला प्लॅटो ३४ आला असता तर गोष्ट उलटी झाली असती. फुप्फुसच ताठ झालंय, कदाचित त्याच्याभोवती हवा साठून ते दबलंय, आणि तेव्हा ट्यूब बदलत बसणं म्हणजे वेळ गमावणं. सर्वोच्च दाब तोच, पण दुसऱ्या आकड्यावरून पुढचा सगळा मार्ग बदलतो. प्लॅटो ३० च्या खाली ठेवायचा हा नियम तिने नर्सिंग कॉलेजात पाठ केलेला होता. तो आकडा कसा काढतात आणि निदानाला कसा वापरतात, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्या रात्री विचारायला वेळ नव्हता.

माझ्या मते तिचं सगळं स्टेटमेंट इथे आहे, या अडलेल्या जागी. तिने शंका वेळेवर घेतली, योग्य गोष्टी योग्य क्रमाने तपासल्या, पण शेवटचं पाऊल डॉक्टरांच्या हातात होतं आणि ते का टाकलं हे तिला ठाऊक नव्हतं. पदव्युत्तर अभ्यास कशासाठी, या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर नाही. दुसऱ्या मसुद्यातला परिच्छेद असा झाला:

‘एका रात्रपाळीत व्हेंटिलेटरवरील रुग्णाचा श्वसनदाब काही तासांत २४ वरून ३८ वर गेल्याचे मला चार्टवरून दिसले, अलार्म वाजला नव्हता. ट्यूब चावणे, नळी मुडपणे आणि एका बाजूची हवा बंद होणे या शक्यता मी तपासून वगळल्या. सक्शन कॅथेटर ट्यूबमध्ये अडल्यावर मी ट्यूब बंद होत असल्याची शंका डॉक्टरांना कळवली. त्यांनी श्वास रोखून प्लॅटो दाब मोजला आणि एक्स-रेची वाट न पाहता ट्यूब बदलली. त्या मोजणीने निर्णय कसा झाला हे मला तेव्हा समजले नाही. नंतर वाचून समजले; पण समोरच्या रुग्णावर ते स्वतः वापरण्याइतकी श्वसनयांत्रिकीची समज माझ्याकडे अजून नाही.’

पहिल्या मसुद्याहून हा परिच्छेद लांब आहे, पण त्यात एकही विशेषण नाही. ‘मी’ आहे, पण जिथे तिने काही केलं तिथेच. ट्यूब डॉक्टरांनी बदलली ती त्यांच्याच नावावर राहिली. दुसऱ्या टोकाची चूकही होते बरं का. ‘आम्ही’ सोडून ‘मी’ लिहा म्हटलं, की काही जणी ट्यूबही स्वतःच बदलून टाकतात. अर्ज वाचणारी बाई स्वतः आयसीयूत वर्षं घालवलेली असते. कोणतं काम कोण करतं हे तिला पक्कं माहीत असतं, आणि अशा एका वाक्याने बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो.

शेवटच्या वाक्याबद्दल तिचं माझ्याशी भांडण झालं. ‘समज नाही’ असं अर्जात लिहायचं? नोकरीच्या अर्जात कुणी लिहीत नाही, हे तिचं म्हणणं बरोबर. पण हा शिकण्यासाठीचा अर्ज आहे. मात्र उणीव कोणती दाखवायची याला मर्यादा आहे. औषधाचा डोस दोनदा तपासायचं मला सुचत नाही, असं कुणी लिहिलं तर तो प्रामाणिकपणा नव्हे, धोक्याची सूचना आहे. उणीव अशी हवी, की जी नोंदणीकृत नर्सला असू शकते आणि जी भरून काढणं हेच त्या अभ्यासक्रमाचं काम आहे.

आता त्या रात्रीचा उरलेला धागा. ट्यूब बंद का झाली? नाकातून श्वास घेताना हवा ओलसर आणि ऊबदार होते. ट्यूब टाकली की ती सोय जाते आणि सिलिंडरची हवा तर कोरडी ठणठणीत. म्हणून ट्यूबच्या तोंडाशी एक फिल्टर बसवतात, जो रुग्णाच्याच उच्छ्वासातली वाफ धरून पुढच्या श्वासाबरोबर परत देतो. स्राव पातळ असेल तर तो पुरतो. स्राव घट्ट झाला की तो कमी पडतो, आणि मग पाणी तापवून हवा ओली करणारा ह्युमिडिफायर जोडावा लागतो. हा बदल कधी करायचा हे ओळखणारा माणूस म्हणजे दर काही तासांनी सक्शन करणारी नर्स. स्राव घट्ट होतोय हे तिच्याच हाताला आधी कळतं. आणखी एक. त्या गावातल्या आयसीयूत कॅप्नोग्राफ नव्हता. इंग्लंडच्या युनिटमध्ये व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णाला तो लावलेला दिसला. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची रेघ तो पडद्यावर काढतो. हवा सहज बाहेर पडत असेल तर रेघ सरळ चढते, वर सपाट होते आणि उतरते. वाटेत अडथळा असेल तर ती तिरकी होत जाते. तिथल्या भूलतज्ज्ञांच्या संस्थांनी श्वासमार्गाच्या दुर्घटनांची देशभर पाहणी करून २०११ मध्ये अहवाल दिला, त्यात आयसीयूतल्या ट्यूबवरच्या सर्व रुग्णांना कॅप्नोग्राफ अखंड लावावा अशी शिफारस होती. हे तिने शोधून वाचलं होतं, पण पहिल्या मसुद्यात त्याचा उल्लेख नव्हता. ‘ते तर असंच वाचलं होतं,’ म्हणाली. असंच वाचलेलंच तर हवं असतं! कुणी सांगितलं नसताना, एका रुग्णामुळे पडलेल्या प्रश्नापायी केलेलं वाचन हा पदव्युत्तर अभ्यास झेपेल याचा चांगला पुरावा. चार सेमिनारची प्रमाणपत्रं त्याची जागा घेत नाहीत.

यातून ‘हाच अभ्यासक्रम का’ हा परिच्छेद जवळजवळ आपोआप लिहिला गेला. विद्यापीठाची शंभर वर्षांची परंपरा, जागतिक दर्जा, सुंदर परिसर हे सगळं त्यांच्या माहितीपत्रकातून उचललेलं असतं आणि त्यांनी ते स्वतःच लिहिलेलं असतं. त्याऐवजी तिने श्वसनाचा विभाग नाव घेऊन सांगितला, त्यात व्हेंटिलेटरच्या आलेखांवर जे सत्र आहे ते आपल्याला का हवं ते दोन वाक्यांत लिहिलं, आणि पुढे एक ओळ : युनिटमध्ये ह्युमिडिफायरकडे कधी वळायचं याची साधी नोंदपद्धत तयार करून पाहायची आहे. शेवटी मॅनेजरची संमती आहे आणि मूल्यमापक ठरला आहे, ही कोरडी पण गरजेची माहिती. ती नसेल तर उत्तम परिच्छेदही अडून राहतो, कारण क्षमतांच्या सह्या बेडशेजारीच व्हायच्या असतात.

रुग्णाबद्दल काय लिहायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलच्या आचारसंहितेत रुग्णाची गोपनीयता हा नोंदणीशी बांधलेला भाग आहे, आणि रुग्ण सांगलीचा होता म्हणून तो सुटत नाही. नाव नको हे सगळ्यांना माहीत असतं. पण ‘२०२१ च्या मे महिन्यात, अमुक रुग्णालयात, गावचे सरपंच’ असं लिहिलं की नावाची गरज उरत नाही. तिच्या परिच्छेदात वय नाही, तारीख नाही, रुग्णालयाचं नाव नाही, पेशा नाही. आकडे ठेवले, कारण दाबाच्या आकड्यावरून कुणी ओळखू येत नाही आणि सगळी गोष्ट त्या आकड्यांतच आहे. मृत्यूचे प्रसंग वापरताना आणखी जपावं लागतं. वाचणाऱ्याचे डोळे ओले करायला रुग्णाचं शेवटचं बोलणं अर्जात आणलेलं मी पाहिलं आहे, आणि मला ते आवडत नाही. तिथे रुग्ण अर्जदाराच्या कामी येतो.

राहिलं पहिलं वाक्य. लहानपणीची आवड गेली, नाइटिंगेल गेल्या. काय ठेवायचं यावर फार वेळ घालवायचं कारण नव्हतं : ‘मी सहा वर्षे नोंदणीकृत नर्स असून त्यातील पाच प्रौढांच्या अतिदक्षता विभागात, भारतात आणि इंग्लंडमध्ये, काम केले आहे.’ वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच अर्जदार कुठे उभी आहे ते कळतं. मधे राहिलेलं वर्ष नोंदणीच्या परीक्षांत आणि वॉर्डात गेलं, तेही पुढे एका वाक्यात आलं. मोकळा काळ लपवला की तो जास्त दिसतो.

एजंटांकडून तयार स्टेटमेंट विकत मिळतात आणि लोक ती घेतातही. त्यांची इंग्रजी सफाईदार असते. अडचण मुलाखतीत येते. बऱ्याच ठिकाणी अर्जानंतर मुलाखत असते आणि प्रश्न स्टेटमेंटमधूनच निघतात. आमच्या नर्सच्या तालमीत मी एका ओळखीच्या आयसीयू सिस्टरना बसवलं. त्या तिचा परिच्छेद वाचून म्हणाल्या, ‘‘छान लिहिलंयस गं. आता सांग, रुग्ण स्वतः श्वास ओढत असेल तर तुझ्या प्लॅटोच्या आकड्यावर विश्वास ठेवशील का?’’ ती गप्प झाली. स्वतः श्वास ओढणाऱ्या रुग्णाच्या छातीचे स्नायू मशीनबरोबर किंवा मशीनविरुद्ध जोर लावतात, त्यामुळे रोखलेल्या क्षणीचा आकडा निव्वळ फुप्फुसाचा राहत नाही. तो खरा मानायला रुग्ण शांत आणि श्वास पूर्णपणे मशीनचा असावा लागतो. त्या रात्रीचा रुग्ण गुंगीच्या औषधाखाली शांत होता, म्हणून १९ वर भरवसा ठेवता आला. हे तिला दोन दिवसांनी वाचून कळलं आणि परिच्छेदात दोनच शब्द वाढले : ‘पूर्ण गुंगीतील’. जागा करायला तिने इनोट्रोप्सची यादी काढून टाकली.